ओवी आपली, मग आवाज का बंद झाला?



गेल्या संक्रांतीला आमच्या गटानं एक व्हिडिओ केला. गटातल्या एका मावशींनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या आणि एकीनं त्या मोबाईलवर टिपल्या. सगळा मिळून चार मिनिटांचा. "मधे रिकामं रिकामं वाटतंय" म्हणून एका पोरानं मावशींच्या आवाजाखाली पाऊण मिनिट एका सिनेमाच्या गाण्याची चाल बारीक आवाजात लावली. खाली गाण्याचं आणि कंपनीचं नावही लिहिलं. व्हिडिओ फेसबुकवर टाकला, तर तेवढ्या भागाचा आवाज बंद. यूट्यूबवर टाकला, तर व्हिडिओ कुणाला दिसेचना. मावशी म्हणाल्या, "माझ्या आईची ओवी, तिच्यावर कुणाचा हक्क आला?"

हक्क ओवीवर आला नव्हता. जात्यावरची ओवी पिढ्यान् पिढ्या चालत आली, ती कुण्या एकाच्या मालकीची नाही. आपल्या माजलगावातल्या बायांच्या ओव्याही १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. पण सिनेमाच्या गाण्याला मालक असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क भारतात रचणाऱ्याच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणून कंपनीनं काढलेली जुन्या लोकगीताची कॅसेटसुद्धा आपल्याला उचलता येत नाही. तेच लोकगीत आपण स्वतः गायलं तर चालतं.

आता हे यूट्यूबला कळतं कसं? गाण्याचे मालक आपल्या गाण्याचा नमुना तिथं देऊन ठेवतात. आपण व्हिडिओ चढवला की यंत्र आपला आवाज त्या नमुन्यांशी ताडून बघतं. दहा सेकंद चालतात, नाव लिहिलं की चालतं, असं लोक सांगतात. तसा नियम नाही. मागं लग्नाच्या मांडवातला डीजे वाजत असला, तरी यंत्र ते ओळखू शकतं. जुळलं की दावा लागतो. मग मालकानं ठरवलं असेल तसं होतं: व्हिडिओ अडतो, किंवा तो चालू राहतो पण जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, किंवा किती जणांनी पाहिला एवढंच तो बघतो.

असा दावा म्हणजे गुन्हा नव्हे, घाबरू नका. मालकानं स्वतः लेखी तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला, तर मात्र चॅनलला 'स्ट्राइक' लागतो. तो साधारण ९० दिवस राहतो, आणि तेवढ्यात तीन लागले तर चॅनल बंद होऊ शकतं.

आम्ही काय केलं ते सांगते. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडला. Content मध्ये आमच्या व्हिडिओसमोर Copyright असं दिसलं. ते उघडल्यावर कुठल्या गाण्याचा दावा आहे आणि कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत, हे समजलं. तिथं वाटा होत्या: तेवढा तुकडा कापा, गाणं बदला, किंवा आवाज काढा. Mute all sound केलं तर त्या भागातला मावशींचा आवाजही गेला असता. Erase song नुसतं गाणं पुसायला बघतं, पण आवाजात आवाज मिसळला असला की ते नीट जमत नाही. आमचंही जमलं नाही.

वाचवलं ते मूळ चित्रीकरणानं. संगीत न लावलेली प्रत एकीच्या मोबाईलमध्ये राहिली होती. तीच पुन्हा चढवली, आणि नुसत्या सुरुवातीला थोडं वेगळं संगीत लावलं. म्हणून पहिली गोष्ट ही, की मूळ प्रत कधी पुसू नका. म्हातारीचा आवाज पुन्हा मिळत नाही.

ते संगीत स्टुडिओतल्याच Audio library मधून घेतलं. तिथं Attribution not required निवडलं की नाव न देता वापरता येईल असं संगीत दिसतं. Attribution required असेल तर तिथं दिलेला मजकूर जसाच्या तसा व्हिडिओखाली लिहावा लागतो. बाहेरच्या साईटवर 'रॉयल्टी फ्री' दिसलं, तर ते फुकट आहे असं समजू नका. त्याचा अर्थ, दर वेळी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. पण एकदा द्यावे लागू शकतात, आणि अटी असतातच. अटींच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि तुम्ही स्वतः गायलेल्या ओवीवरच कुणी दावा लावला तर? मग Dispute करा. आवाज आमचा, ओवी परंपरेची, बाकी काही लावलेलं नाही, असं साधं लिहा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. पण दुसऱ्याचं गाणं लावलं असेल तर Dispute दाबू नका. तिथून प्रकरण स्ट्राइकपर्यंत जाऊ शकतं.

मावशींचा व्हिडिओ आता चालू आहे. मधे चालीच्या जागी नुसत्या जात्याची घरघर ऐकू येते.