कॅरोसेलचा मसुदा तपासताना : आधी कोणती ओळ वगळावी?

(प्रचार-साहित्य तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकामागून एक सरकवून पाहावयाच्या चित्रमालेला कॅरोसेल म्हणतात. भित्तिपत्रकासमोर माणूस थांबतो; कॅरोसेलच्या एका स्लाइडवर मात्र त्याची नजर काही क्षणच टिकते. म्हणून तिच्यात दाटी झाली, की सर्वांत महत्त्वाची ओळच वाचावयाची राहून जाते.

उदाहरणादाखल पावसाळ्यात बालकांना होणाऱ्या जुलाबांवरील दहा स्लाइडांचा एक मसुदा घेता येईल. पहिलीवर शुभेच्छा, विभागाचे नाव, मोहिमेचे नाव आणि शेवटी शीर्षक आहे. दुसरीवर जुलाबाची व्याख्या, तिसरीवर जंतूंची माहिती, चौथीवर स्वच्छतेचे नियम आहेत. ओआरएस कसे तयार करावे हे पाचवीवर, ते कसे पाजावे हे सहावीवर येते. त्यानंतर झिंकच्या गोळ्या, आहार व धोक्याची लक्षणे यांना एकेक स्लाइड दिली असून दहावीवर आभार आणि पुन्हा तीच नावे आहेत.

अशा मसुद्यावर “मजकूर फार झाला, कमी करावा” एवढाच शेरा मारल्यास तयार करणारा अक्षरे लहान करतो. दाटी तशीच राहते, फक्त ती वाचणे अधिक कठीण होते. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने प्रथम एक वाक्य लिहावे : हे पाहून वाचकाने काय करावे? येथे ते वाक्य असे होईल : “बाळाला जुलाब लागताच ओआरएस पाजावे, आणि धोक्याचे लक्षण दिसताच दवाखान्यात न्यावे.” पुढील प्रत्येक ओळ या वाक्यावर घासून पाहावयाची.

सर्वांत आधी पाठविणाऱ्याविषयीच्या ओळी वगळाव्यात. शुभेच्छा, आभार व नामावली यांमुळे आईच्या कृतीत काहीच भर पडत नाही. विभागाचे नाव शेवटी एका ओळीत पुरते. त्यानंतर पुनरुक्ती काढावी. “स्वच्छ पाणी वापरा” ही सूचना तीन ठिकाणी असेल, तर प्रत्यक्ष पाणी घ्यावयाच्या जागी, म्हणजे ओआरएस तयार करण्याच्या स्लाइडवर, ती ठेवावी. तिसऱ्या क्रमाने, खऱ्या पण वेगळ्या हेतूच्या ओळी हलवाव्यात. जंतू व स्वच्छता हा प्रतिबंधाचा विषय आहे. त्याची स्वतंत्र कॅरोसेल करावी. “ही माहिती चुकीची नाही, तिची जागा दुसरी आहे” असे सांगितल्यास लिहिणाऱ्याचाही विरोध मावळतो.

याउलट काही ओळी लांब किंवा फाजील वाटतात, तथापि त्यांना हात लावू नये. “एक पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात” यातील “पूर्ण” आणि “एक लिटर” गेले, तर कोणी पेलाभर पाण्यात पाकीट रिकामे करील. तसे द्रावण फार खारट होऊन बालकाला अपाय करू शकते. तयार द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे, ही ओळही राहिलीच पाहिजे. “झिंक 14 दिवस द्यावे, जुलाब थांबले तरी” यातील शेवटचे शब्द पुनरुक्तीसारखे दिसतात. पण जुलाब थांबताच गोळी बंद करण्याची चूक त्यांमुळेच टळते. परिमाण, मुदत आणि अट यांना कात्री लावू नये, हा येथील नियम होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावच्या गटात पुष्कळदा संपूर्ण मालिका नव्हे, तर तिच्यातील एकच स्लाइड पुढे पाठविली जाते. म्हणून पाकीट आणि पाण्याचे माप ही दोन्ही एकाच स्लाइडवर असावीत.

या क्रमाने दहाच्या पाच स्लाइडा होतात : पहिली शीर्षकाची, दुसरी ओआरएस तयार करण्याची. तिसरीवर ते चमच्याचमच्याने पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे आणि अंगावरचे दूध व आहार चालू ठेवावा, हे येते. चौथी झिंकची, मात्रा आरोग्यसेविकेला विचारावी, असे तिच्यावर असावे. पाचवीवर धोक्याची लक्षणे : शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पिता न येणे, वारंवार उलट्या.

लेखी अभिप्राय देताना स्लाइडचा क्रमांक, ओळ, कारण आणि त्या ओळीची नवी जागा, या चार बाबी नोंदवाव्यात. शेवटी या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या आईच्या हाती भ्रमणध्वनी द्यावा, तिने मालिका एकदा पाहिल्यावर तो परत घ्यावा आणि “एका पाकिटाला पाणी किती?” असे विचारावे. उत्तर “एक लिटर” असे लगेच आले नाही, तर मसुद्यात अजून काही वगळावयाचे राहिले आहे, असे समजावे.