तीस टक्के म्हणजे किती माणसे?



कोलेस्टेरॉलची गोळी लिहून देताना डॉक्टर सांगतात, "हिने झटक्याचा धोका तीस टक्क्यांनी घटतो." आपण समजतो, शंभर जणांनी घेतली तर तीस वाचतात. तसे नसते.

स्कॉटलंडमधला एक मोठा प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल वाढलेले, पण पूर्वी झटका न आलेले सुमारे 6,600 मध्यमवयीन पुरुष त्यात होते. निम्म्यांना प्रॅव्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सुमारे पाच वर्षांत औषधाविना हजारी 79 जणांना झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत 55 जणांना. 79 मधून 24 कमी झाले, हेच ते तीस टक्के.

हजाराला 24 ने भागले की 42 येतात. एकाचा झटका टळावा म्हणून 42 जणांना पाच वर्षे गोळी द्यावी लागते. पण नुसते "42 त एक" ऐकून रुग्ण गोंधळतो. त्याला असे सांगावे: "तुमच्यासारख्या हजारांनी पाच वर्षे गोळी घेतली, तर 921 जणांना ती न घेताही झटका आला नसता, 55 जणांना घेऊनही येईल आणि 24 जणांचा टळेल."

ज्याचा मूळ धोका निम्मा, त्याच्यासारख्या हजारांत तीच तीस टक्के घट फक्त 12 जणांना वाचवते. म्हणून डॉक्टरांना विचारावे, "माझ्यासारख्या हजारांत गोळीविना किती, गोळीने किती आणि किती वर्षांत?"