‘काढा’ म्हणजे नक्की काय काढायचं?

आजच्या भागात बोलूया अ‍ॅपच्या भाषांतरासाठी लागणाऱ्या शब्दसूचीबद्दल, म्हणजे ग्लॉसरीबद्दल. सुरुवात एका फोन कॉलपासून करते.

बचत गटांचा हिशोब ठेवणाऱ्या एका छोट्या अ‍ॅपचं मराठीकरण आम्ही तिघांनी मिळून केलं होतं. सुट्टीच्या दिवशी, आपापल्या घरी बसून. तिघांचंही मराठी चांगलं, त्यामुळे शब्दांची यादी वगैरे करायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नाही. अ‍ॅप सुरू झालं आणि दोन आठवड्यांनी एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. “अगं, मी शांताबाईंचे दोन हजार काढायला गेले, तर शांताबाईच गटातून गेल्या! उद्या बैठकीत त्यांनी हिशोब मागितला तर काय सांगू?”

झालं असं होतं. सभासदाच्या पानावर नावाशेजारी एक बटण होतं, त्यावर लिहिलं होतं ‘काढा’. इंग्रजीत ते होतं रिमूव्ह, म्हणजे सभासदाला गटातून कमी करा. व्यवहारांच्या पानावरही एक बटण होतं, तिथे इंग्रजीत विथड्रॉ, आणि मराठीत पुन्हा ‘काढा’. ताईंनी ‘काढा’ दाबलं, पुढे ‘तुम्हाला खात्री आहे का?’ आलं, त्यांनी ‘हो’ म्हटलं. पैसे काढायचे याची त्यांना खात्री होतीच ना! नशिबाने नोंद पुसली गेली नव्हती, फक्त लपली होती. ती आम्ही त्याच संध्याकाळी परत आणली. पण ताईंची चूक शून्य होती.

आता गंमत बघा. आमच्या भाषांतरात रिमूव्ह सगळीकडे ‘काढा’ होतं आणि विथड्रॉसुद्धा सगळीकडे ‘काढा’ होतं. म्हणजे एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, हा नियम तंतोतंत पाळला गेला होता! तरी घोळ झाला, कारण उलट्या बाजूने कुणी पाहिलं नव्हतं. दोन वेगळ्या कामांना एकच मराठी शब्द दिला गेलाय का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आणि वापरणाऱ्याला तर फक्त मराठीच दिसतं.

मग आम्ही शब्दसूची बनवायला बसलो. सगळे शब्द घ्यायचे नाहीत, हे आधी ठरवलं. जे शब्द बटणांवर आणि मेनूत येतात, जे पुन्हा पुन्हा येतात आणि ज्यांच्यामुळे पैसे किंवा नोंदी हलतात, तेवढेच घेतले. साधारण चाळीस निघाले. साध्या स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने केले: इंग्रजी शब्द, क्रियापद की नाम, या अ‍ॅपमध्ये त्याचा अर्थ एका ओळीत, ठरलेला मराठी शब्द, आणि ‘हे वापरू नका’.

यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सूचीतली एक ओळ म्हणजे एक शब्द नाही, तर एक अर्थ. उदाहरणार्थ, इंग्रजीतलं बॅलन्स. गटाच्या पेटीत असलेली रक्कम म्हणजे ‘शिल्लक’. पण कर्जाचा बॅलन्स म्हणजे फेडायची राहिलेली रक्कम, ती ‘बाकी’. एक हातात असलेले पैसे, दुसरं देणं! त्यामुळे सूचीत बॅलन्सच्या दोन ओळी हव्यात. आणि नुसतं सूचीत लिहून भागत नाही. गेटटेक्स्टच्या पीओ फाइलमध्ये इंग्रजी मजकूर सारखा असेल तर त्याची नोंद एकच होते, भाषांतर करणाऱ्याला दोन शब्द द्यायला जागाच राहत नाही. तिथे कोड लिहिणाऱ्याने संदर्भ जोडावा लागतो:

```
msgctxt "cash"
msgid "Balance"
msgstr "शिल्लक"

msgctxt "loan"
msgid "Balance"
msgstr "बाकी"
```

यानंतरची पायरी दोन मिनिटांची आहे, पण तीच आमची सुटली होती. स्प्रेडशीट मराठी रकान्यानुसार क्रमाने लावायची. एकच मराठी शब्द दोनदा आला की लगेच डोळ्यांत भरतो. आम्हाला तीन जोड्या सापडल्या. पहिली अर्थातच ‘काढा’. दुसरी ‘जमा करा’, जे डिपॉझिटलाही होतं आणि फॉर्म सबमिट करण्यालाही. तिसरी ‘खाते’, म्हणजे लॉगिनचं अकाउंटही आणि पैशांचं अकाउंटही.

निर्णय घेताना एक गोष्ट पाळली: पैशांचे शब्द पासबुकावर जसे असतात तसेच ठेवायचे, सरकायचं ते सॉफ्टवेअरच्या शब्दाने. म्हणून डिपॉझिट ‘जमा करा’च राहिलं आणि सबमिट झालं ‘पाठवा’. ‘खाते’ फक्त पैशांचं, लॉगिनचं झालं ‘प्रोफाइल’. विथड्रॉ ‘पैसे काढा’ आणि रिमूव्ह ‘गटातून कमी करा’. बटण थोडं लांब झालं, पण चालेल. सेव्हला आमच्यातल्या एकाने दोन ठिकाणी ‘बचत करा’ लिहिलं होतं. बचत गटाच्या अ‍ॅपमध्ये! ते ‘सेव्ह करा’ केलं, कारण नंबर सेव्ह करणं सगळ्यांना माहीत असतं. ‘बचत करा’ गेलं पाचव्या रकान्यात. नेहमीच्या संगणकी शब्दांसाठी फ्युएल प्रकल्पाची मराठी यादी आहे, आम्हीही तिच्यापासून सुरुवात केली. पण पैशांच्या शब्दांशी होणारी टक्कर तुमच्या अ‍ॅपची असते, ती तयार यादीत सापडत नाही.

आता प्रश्न उरतो, सूची पाळली जातेय का हे कसं कळणार? वेबलेटसारख्या साधनात सूची भाषांतराच्या शेजारी दिसते आणि न पाळल्यास इशाराही देता येतो. पण तो इशारा शब्द जसाच्या तसा शोधतो. मराठीत ‘खाते’ लगेच ‘खात्यात’, ‘खात्याची’ होतं, मग बरोबर वाक्यावरही इशारा येतो. असे खोटे इशारे वाढले की माणसं खरेही बघेनाशी होतात. म्हणून आम्ही उलटं केलं. बरोबर शब्द आहे का हे तपासण्याऐवजी धोक्याचा शब्द कुठे शिल्लक आहे का, हे शोधलं, आणि तेही पूर्ण शब्दाऐवजी त्याच्या मुळाने:

```
msgcat --no-wrap mr.po | grep -B2 'काढ'
```

‘काढ’ शोधलं की ‘काढा’, ‘काढून’, ‘काढले’ सगळं सापडतं, आणि वरच्या दोन ओळींत इंग्रजी मूळही दिसतं. इंग्रजीत विथड्रॉ असेल तर ठीक, नाहीतर बदल. मात्र मूळ किती छोटं घेता हे बघा. ‘खात’ शोधलं तर ‘खात्री आहे का?’ची प्रत्येक ओळही येते! म्हणून शेवटची नजर माणसाचीच लागते. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी आमच्यातला एकजण ही यादी वाचतो. चाळीसच शब्द असल्यामुळे ते जमतं. चारशे असते तर कुणी वाचलं नसतं.

नवी आवृत्ती गेल्यावर मी ताईंना फोन केला आणि सभासदाच्या पानावरचं बटण मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, “गटातून कमी करा.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “हे मी कशाला दाबू?”

बस, हेच हवं होतं. भेटू पुढच्या भागात!