परीक्षेच्या दालनात कोणता कॅलक्युलेटर चालतो?



माझा एक माजी विद्यार्थी सी.ए.च्या परीक्षेला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या थोरल्या भावाचा सायंटिफिक कॅलक्युलेटर घेऊन गेला. दारावरच तो काढून घेण्यात आला आणि पोराने तीन तास हाताने भागाकार केले. भावाला जे यंत्र चालते ते आपल्याला का चालू नये, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

सी.ए.च्या नियमाप्रमाणे कॅलक्युलेटर बॅटरीवर चालणारा, आवाज न करणारा आणि वायर नसलेला हवा. त्यात सहापेक्षा जास्त क्रिया, बारापेक्षा जास्त अंक व दोनपेक्षा जास्त मेमरी नसाव्यात. साइन, लॉग असलेले यंत्र येथेच बाद होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या इंजिनिअरिंग सेवा परीक्षेत सविस्तर उत्तरांच्या पेपरला सायंटिफिक चालतो, कारण तेथे साइन-लॉग लागतातच. पण तोही प्रोग्राम न करता येणारा. वस्तुनिष्ठ पेपरला मात्र कोणताच चालत नाही.

प्रोग्राम करता येणाऱ्या यंत्राला दोन्हीकडे बंदी का? एक उदाहरण घेऊ. एक मशीन १ लाखाला मिळते, तीन वर्षे दरसाल अखेरीस ४० हजार देते, व्याजदर १० टक्के. घ्यावे का? बेरीज १ लाख २० हजार होते, म्हणून फायदा दिसतो. पण पुढच्या वर्षीच्या रुपयाची आजची किंमत १ भागिले १.१, म्हणजे ०.९०९१. तिला पुन्हा १.१ ने भागले की ०.८२६४, आणखी एकदा भागले की ०.७५१३. अनेक साध्या कॅलक्युलेटरवर यासाठी = हीच कळ पुन्हा दाबावी लागते. तिन्हींची बेरीज २.४८६८, तिला ४० हजारांनी गुणले की सुमारे ९९,४७४ रुपये येतात. म्हणजे ५२६ रुपयांचा तोटा. मशीन घेऊ नये.

येथे कशाला भागायचे आणि किती वेळा, हे विद्यार्थ्याने ठरवले; यंत्राने फक्त भागले. प्रोग्रामच्या यंत्रात ही रीत घरूनच भरून आणता येते. तीन आकडे घातले की उत्तर तयार! मग परीक्षा कोणाची झाली? शिवाय अशा बऱ्याच यंत्रांत अक्षरेही साठवता येतात, म्हणजे सूत्रांची चिठ्ठीच ती. शेकडो मुलांच्या यंत्रांची मेमरी पर्यवेक्षक उघडून पाहू शकत नाही. म्हणून तो प्रकारच वर्ज्य केलेला आहे.

पालकांनो, यंत्र घेताना PROG किंवा PRGM अशी कळ दिसली तर ते ठेवून द्या. प्रवेशपत्रावरील सूचना वाचूनच खरेदी करा, आणि परीक्षेआधी महिनाभर मुलाला त्याच यंत्रावर सराव करू द्या.