शेतजमीन घेण्यापूर्वी : माती, निचरा आणि बोअरचे पाणी



आपल्यापैकी काही कुटुंबे बडोद्याजवळ, पादरा-जंबुसरकडे शेत पाहत आहेत. गुजरातेत शेतजमीन घ्यायला खरेदीदार मुळात शेतकरी खातेदार लागतो. ते वकिलांकडून आधी तपासून घ्या. मी शेती खात्यात नोकरी करतो, म्हणून मातीपाण्यापुरतेच बोलतो.

त्या बाजूला खंभातच्या आखाताकडे जावे तसे भूगर्भातले पाणी सर्वसाधारणपणे खारवट होत जाते. श्रावणात शेत हिरवेगार दिसते, कारण पावसाने वरचे क्षार धुऊन गेलेले असतात. म्हणून जमीन एकदा तरी वैशाखात पाहा. पांढरे डाग, कडक पापुद्रा, मध्येच पीक न उगवलेले तुकडे तेव्हाच दिसतात.

निचऱ्यासाठी सखल कोपऱ्यात दोन फूट खड्डा खणा. पाणी भरून जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाला एक सेंटिमीटरही पाणी उतरले नाही, तर जमीन चिबड होण्याचा धोका आहे. त्याच खड्ड्यातले वाळलेले ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीच्या शुद्ध पाण्यात सोडा, ढवळू नका. ढेकूळ नुसते फुटले तर चिंता नाही. भोवती दुधाळ गढूळपणा पसरला, तर जमीन चोपण होत आहे असे समजा.

आता पाणी. जिभेवर विश्वासू नका. गोड लागणारे पाणीही जमीन बिघडवू शकते. बोअर अर्धा तास चालवा, प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि लगेच प्रयोगशाळेत द्या. अहवालात कार्बोनेट व बायकार्बोनेटची बेरीज पाहा, तीतून कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज वजा करा. सर्व आकडे लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये हवेत. उत्तर सव्वाच्या आत असेल तर पाणी चांगले. अडीचच्या वर असेल तर सिंचनाला अयोग्य. अशा पाण्यात कॅल्शियम चुन्यासारखा बसून जातो, सोडियम उरतो आणि काळी माती घट्ट होते.

समजा पहिली बेरीज 9, दुसरी 5. उरले 4. ते 2 वर आणायला लिटरला सुमारे 172 मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. एकरी तीन इंचांच्या एका पाळीत तीन लाख लिटर पाणी जाते, म्हणजे सुमारे 52 किलो जिप्सम. वर्षाच्या सहा पाळ्यांना तीन क्विंटलहून अधिक. हा खर्च दरवर्षीचा आहे, आणि सुटलेला सोडियम खाली वाहून न्यायला निचरा हवाच. खड्ड्यातले पाणी हलत नसेल, तर जिप्समही उपयोगी पडत नाही.

म्हणून पाणी मध्यम आणि निचरा चांगला, तर भाव कमी करून घ्यायला हरकत नाही. दोन्ही वाईट असतील, तर बयाणा देऊ नका.