एकावन्नला तीन कमी-जास्त

माझ्यासमोर टेबलावर एक छायाचित्र आहे. आकाशवाणीवरून ते तुम्हाला दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. ब्रिटनमधल्या 'संडे टाइम्स' या वर्तमानपत्रात 7 सप्टेंबर 2014 रोजी छापून आलेल्या जनमत चाचणीच्या निकालाचं ते छायाचित्र आहे. त्यात दोन आकडे ठळक दिसतात. 'होय' 51 टक्के, 'नाही' 49 टक्के. छायाचित्र घेणाऱ्याने आकडे मोठे दिसावेत म्हणून कॅमेरा जवळ नेला आणि आजूबाजूचा बारीक मजकूर चौकटीबाहेर राहिला. नेमकं त्या राहिलेल्या मजकुराविषयी आज बोलायचं आहे.

प्रश्न असा होता : स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं होऊन स्वतंत्र देश व्हावं का? अकरा दिवसांनी, 18 सप्टेंबरला, सार्वमत होणार होतं. तुमच्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना मौज वाटेल, या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत देता येत होतं. तोवर यूगव्ह या संस्थेच्या चाचण्यांत 'नाही'च पुढे होतं. त्या रविवारी प्रथमच 'होय' पुढे गेलं आणि एकच धावपळ उडाली. सोमवारी बाजार उघडताच पौंडाचा भाव घसरला. बुधवारी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि इतर दोन मोठ्या पक्षांचे नेते संसदेतला ठरलेला प्रश्नोत्तरांचा तास सोडून स्कॉटलंडला गेले. दोन टक्क्यांच्या आघाडीने एवढं घडलं.

आता चौकटीबाहेरचा मजकूर पाहू. चाचणीत 1,084 जणांना विचारलं होतं. स्कॉटलंडमधले मतदार होते सुमारे 43 लाख. तुम्ही म्हणाल, 43 लाखांत हजार जण म्हणजे किती! पण शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं आहे की लग्नघरचं, याने फारसं बिघडत नाही. भात सगळीकडे सारखा शिजला असला आणि शितं कुठूनही उचलली, की झालं. पाहणीचा नेमकेपणा ठरतो तो किती जणांना विचारलं यावर. एकूण मतदार 43 लाख आहेत की 9 कोटी, याचा त्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

मग हजार जणांना विचारलं तर नेमकेपणा किती? हे वर्गात करून पाहा. प्रत्येकाने एक रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवायचं आणि छापा किती वेळा आला ते मांडायचं. नाणं चोख आहे, मोजणारा प्रामाणिक आहे, तरी सगळ्यांचे पन्नास येणार नाहीत. कुणाचे 46 येतील, कुणाचे 55. चाळीस मुलांच्या वर्गात बहुतेकांचे आकडे 40 ते 60 या दरम्यान पडतील आणि एखाद-दुसऱ्याचाच बाहेर जाईल. म्हणजे पन्नासला दहा कमी-जास्त. या 'दहा'ला म्हणतात मार्जिन ऑफ एरर. बिलाच्या तळाशी आपण 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहितो, तशी ही गोष्ट नव्हे. तिथे कुणाच्या हातून चूक झाली असेल तर, असं म्हणायचं असतं. इथे कुणीच चुकलेलं नाही. सगळ्यांना न विचारता थोड्यांना विचारलं, एवढ्यामुळेच हा फरक पडतो.

तो काढायची घरगुती रीतही आहे. जितक्यांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ घ्या आणि त्याने 100 ला भागा. शंभराचं वर्गमूळ दहा, शंभर भागिले दहा, उत्तर दहा टक्के. आपल्या 1,084 चं वर्गमूळ जवळपास 33 येतं, आणि 100 भागिले 33 म्हणजे सुमारे 3. लढत अटीतटीची असते तेव्हा ही रीत चांगली चालते. वीस चाचण्या घेतल्या तर सुमारे एकोणीस वेळा खरा आकडा या तिनाच्या आत सापडावा, एवढीच तिची हमी आहे. ही तीनची मर्यादा निम्मी करायची तर दुप्पट माणसं पुरत नाहीत, चौपट लागतात. चाचण्या घेणारे हजार-बाराशेवर का थांबतात, ते आता कळलं असेल. पुढचा नेमकेपणा फार महाग पडतो.

तर 'होय' 51 ला तीन कमी-जास्त, म्हणजे 48 ते 54. आणि 'होय' तीनने उतरलं की 'नाही' तीनने चढतं, कारण मतं दोनच. तेव्हा ती दोन टक्क्यांची आघाडी प्रत्यक्षात आठ टक्क्यांची असू शकत होती, किंवा चार टक्क्यांची पिछाडीही. आघाडीच्या बाबतीत मर्यादा तीनची नसते, सहाची होते. बातम्या देणारे हे हमखास विसरतात. त्याच सुमारास पॅनेलबेस या दुसऱ्या संस्थेची चाचणी आली, तिच्यात 'होय' 48 आणि 'नाही' 52 होते. लोकांना वाटलं, दोघांपैकी एक खोटा. गणिताच्या दृष्टीने दोघांचं भांडणच नव्हतं.

मात्र त्या छायाचित्राला नुसतं हसूही नये. यूगव्हच्याच चाचण्यांत ऑगस्टच्या आरंभी 'होय' 39 टक्के होतं, मग 43, मग 47, मग 51. ही बारा टक्क्यांची चढण तीन कमी-जास्तात बसत नाही. लढत खरोखर जवळ आली होती. 'होय पुढे' हा निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नव्हता.

आता निकाल. 'नाही' 55.3 टक्के, 'होय' 44.7. म्हणजे 51 वरून 'होय' सहा टक्क्यांहून अधिक खाली! आपली मर्यादा तर तीनची होती. मग आपलं वर्गमूळ चुकलं का? नाही. मार्जिन ऑफ एरर फक्त 'थोड्यांना विचारलं' या एका कारणापुरतं बोलतं. बाकीची कारणं त्याच्या हिशेबात नसतात. मुळातले आकडे 'होय' 47 आणि 'नाही' 45 होते. कुठल्याच बाजूला नसलेल्यांना वगळल्यावर त्यांचे 51 आणि 49 झाले. कुंपणावरची ही मंडळी पुढे कुठे जातील, ते वर्गमूळ सांगत नाही. शिवाय मधल्या अकरा दिवसांत मनं बदलू शकतात. आणि या लोकांची नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली नव्हती. इंटरनेटवर आपणहून नाव नोंदवलेल्यांतून वय, प्रदेश वगैरे जुळवून ती निवडलेली होती. म्हणजे शितं पातेल्याच्या एकाच बाजूची असण्याचा धोका, आणि तो धोका नुसती माणसं वाढवून कमी होत नाही.

यातल्या कोणत्या कारणाने किती फरक पाडला, हे वेगळं काढून सांगणं कठीण आहे. पण त्याच संस्थेने पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तेव्हा 'नाही' 52 वर होतं आणि मतदानाच्या दिवशीच्या पाहणीत 54 वर. प्रत्यक्षातल्या 55.3 पासून हा शेवटचा आकडा दीड टक्क्याच्याही आत होता. या शेवटच्या निकालाचं छायाचित्र मात्र माझ्या टेबलावर नाही.