मृत्युपत्राचे साक्षीदार

मृत्युपत्र वैध ठरण्यासाठी त्यावर मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेले मृत्युपत्र चालते, पण दोन साक्षीदारांशिवाय ते चालत नाही. हा नियम भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 63 मध्ये आहे आणि हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती, पारशी या सर्वांना तो लागू आहे. मुस्लिमांची मृत्युपत्रे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे होतात आणि गोव्यात मृत्युपत्रासाठी वेगळा कायदा आहे, म्हणून ती दोन्ही प्रकरणे इथे बाजूला ठेवली आहेत.

कलम 63 साक्षीदाराकडून दोन गोष्टी मागते. पहिली अशी की, मृत्युपत्र करणाऱ्याने सही केलेली त्याने डोळ्यांनी पाहिली पाहिजे, किंवा ‘ही सही माझीच आहे’ अशी कबुली खुद्द त्या व्यक्तीकडून त्याला मिळाली पाहिजे. दुसरी अशी की, साक्षीदाराने स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या देखत केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावेत असे मात्र कायदा म्हणत नाही. आजोबांनी सोमवारी डॉक्टरांसमोर सही केली, डॉक्टरांनी तिथेच आपली सही केली, मंगळवारी जुने सहकारी भेटायला आले, आजोबांनी त्यांना कागद दाखवून ‘ही माझी सही’ असे सांगितले आणि सहकाऱ्यांनी आजोबांसमोर सही केली, तर साक्षांकन पुरे झाले. तरीही दोघांना एकत्र बसवणे केव्हाही बरे. त्याचे कारण पुढे कोर्टातल्या पुराव्याच्या वेळी दिसते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातला मजकूर माहीत असण्याची गरज नाही. तो मजकुराचा साक्षीदार नसतो, सहीचा असतो. मजकुरावर कोरा कागद ठेवून फक्त सहीची जागा उघडी ठेवली तरी चालते. घरातल्या वाटण्या शेजाऱ्यांना कळू नयेत म्हणून साक्षीदार घेणे टाळणाऱ्यांची अडचण एवढ्याने सुटते.

चूक बहुतेक वेळा दुसऱ्या अटीत होते. आजारी आई पलंगावर सही करते, मुलगा कागद घेऊन खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्या गृहस्थांकडे जातो, ते आईची सही ओळखत असतात आणि विश्वासाने सही करून देतात. सद्भावना पूर्ण, पण साक्षांकन शून्य. आईने सही केलेली त्यांनी पाहिली नाही, आईने त्यांच्याकडे कबुली दिली नाही आणि त्यांनी आईच्या देखत सही केली नाही. कागदाकडे पाहून हा दोष कळत नाही. तो उघडा पडतो साक्षीदाराच्या उलटतपासणीत, आणि वकिलाचा प्रश्न अगदी साधा असतो: ‘तुम्ही सही केलीत तेव्हा त्या कुठे होत्या?’

नोंदणी केली की साक्षीदारांचा प्रश्न मिटला, असाही समज आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ओळख पटवण्यासाठी जे सह्या करतात ते मृत्युपत्र करणाऱ्याला ओळखत असल्याचे सांगतात. तेवढ्याने ते साक्षांकन करणारे साक्षीदार होत नाहीत. निबंधकाची सहीसुद्धा त्याच्या कामकाजाचा भाग असते. मृत्युपत्र लिहून देणाऱ्या लेखनिकाचेही तसेच. साक्षीदार म्हणून सही करण्याच्या हेतूने केलेली सहीच साक्षांकन ठरते.

मृत्युपत्र करणारी व्यक्ती गेल्यावर वाद उद्भवला तर मृत्युपत्र पुराव्याने सिद्ध करावे लागते. साक्षांकन करणारा साक्षीदार हयात असेल आणि साक्षीला येऊ शकत असेल, तर निदान एका साक्षीदाराची साक्ष घेतल्याशिवाय न्यायालय मृत्युपत्र पुराव्यात वापरू शकत नाही. पूर्वी ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. साक्षीदार एक असला तरी त्याच्या तोंडून दोन्ही सह्यांची हकीकत यावी लागते. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हेच स्पष्ट केले. तिथे एक साक्षीदार पुढे आला, पण दुसऱ्याने कायद्याप्रमाणे सही केली हे त्याच्या साक्षीतून सिद्ध झाले नाही. दुसरा साक्षीदार उपलब्ध असूनही त्याला बोलावले नव्हते. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी बसलेले असते, तर एकट्याच्या साक्षीने काम भागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

म्हणून मृत्युपत्राच्या शेवटी साक्षांकनाचा परिच्छेद घालतात. त्याचा ठरावीक नमुना कायद्यात नाही, पण ‘वरील मृत्युपत्रावर यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत व एकमेकांच्या देखत आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या’ एवढे लिहून खाली पूर्ण नाव, वय, पत्ता आणि तारीख घातली की बरीच पुढची झटापट वाचते. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि शोधता येण्याजोगा असावा. ऐंशीच्या घरातल्या मित्राने ऐंशीच्या घरातल्या मित्राच्या मृत्युपत्रावर सही करणे बेकायदा नाही, पण उपयोगाचेही फारसे नाही.

आता प्रश्न असा की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर काय? याचे उत्तर वारसा कायद्याच्या कलम 67 मध्ये आहे. या कलमाने मृत्युपत्र वाचते, देणगी जाते. लाभार्थीने सही केली म्हणून साक्षांकन अपुरे ठरत नाही, मृत्युपत्रातली बाकीची व्यवस्था कायम राहते. मात्र त्या साक्षीदाराला दिलेली मिळकत रद्द होते. त्याच्या पत्नीला किंवा पतीला दिलेली मिळकतही रद्द होते. हे कलम इंग्लंडमधून आले. तिथे एकेकाळी हितसंबंध असलेल्या माणसाची साक्षच न्यायालय घेत नसे, त्यामुळे असा साक्षीदार असला की सगळे मृत्युपत्रच कोसळे. 1752 च्या कायद्याने त्यावर तोडगा काढला: साक्षीदाराचा हितसंबंधच काढून घ्यायचा, म्हणजे साक्षही राहील आणि मृत्युपत्रही.

यात घरातल्या माणसांना सर्वांत अनपेक्षित वाटणारा भाग जोडीदाराचा आहे. वसईतल्या एका ख्रिस्ती विधवेचे उदाहरण घेऊ. तिने राहती सदनिका मुलीला दिली, 8 लाखांची मुदत ठेव पुतण्याला दिली आणि उरलेले सर्व मुलाला. सही करताना घरात जावई होते आणि शेजारी होते. दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. जावयाला मृत्युपत्रातून एक रुपयाही मिळणार नव्हता, पण ते मुलीचे पती. त्यामुळे मुलीला दिलेली सदनिका रद्द झाली. पुतण्याची ठेव सुरक्षित, मुलाचेही सुरक्षित. रद्द झालेली सदनिका ‘उरलेले सर्व’ या शब्दांत येऊन पडते, म्हणजे ती मुलाकडे जाते. आईच्या मनात नेमके उलटे होते.

याच मृत्युपत्रात ‘उरलेले सर्व’ हे वाक्य नसते, तर सदनिकेपुरते मृत्युपत्र नाही असे धरले गेले असते. मग वारसाहक्काने ती मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी गेली असती. रद्द होते ती मृत्युपत्राने दिलेली मिळकत. वारस म्हणून असलेला हक्क वेगळा आहे आणि त्याला हे कलम हात लावत नाही. मुलीने केवढे गमावले हे त्या एका वाक्यावर अवलंबून राहते.

कलमाची व्याप्ती मात्र शब्दांपुरतीच आहे. जावयाऐवजी मुलीच्या मुलाने, म्हणजे नातवाने सही केली असती, तर मुलीची सदनिका कलम 67 खाली गेली नसती, कारण कलमात फक्त पती किंवा पत्नी येतात. मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेला व्यवस्थापकही साक्षीदार होऊ शकतो, त्याने साक्ष देण्यास कलम 68 प्रमाणे अडचण नाही. मूळ मृत्युपत्रावर इतरांच्या सह्या असतील आणि लाभार्थीने फक्त ते कायम करणाऱ्या नंतरच्या पुरवणीवर सही केली असेल, तर त्याला मूळ मृत्युपत्राने मिळालेले जात नाही. हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. पण तिसरा साक्षीदार जास्तीचा होता, म्हणून त्याला दिलेले वाचले, असे म्हणायची सोय भारतीय कलमात लिहिलेली नाही. इंग्लंडने ती 1968 मध्ये केली.

हे सगळे ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांना सरळ लागू आहे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना कायद्याची कोणती कलमे लागू आहेत, त्याची यादी कलम 57 खाली तिसऱ्या परिशिष्टात दिली आहे. तिच्यात 63, 64 आहेत, 68 आहे, पण 67 नाही. अनेक माहितीपत्रके आणि तयार नमुने हा फरक न सांगता ‘लाभार्थी साक्षीदार असल्यास त्याचा वाटा रद्द’ असे सरसकट छापतात. हिंदू कुटुंबात मुलाने वडिलांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली, तर केवळ त्या कारणाने त्याचा वाटा रद्द होत नाही. हिंदू व्यक्तीने परधर्मीयाशी विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न केले असेल, तर तिची वारसाव्यवस्था वारसा कायद्याकडे जाते, म्हणून तिथे कलम 67 लागू होईल असे धरून चालणेच शहाणपणाचे.

वाटा रद्द होत नाही, म्हणजे हिंदू कुटुंबाने निश्चिंत राहावे असा त्याचा अर्थ नाही. कलम 67 ऐवजी इथे संशयाचा नियम येतो. 1959 च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मृत्युपत्र करण्यात लाभार्थीने पुढाकार घेतला असेल आणि त्याला मोठा लाभ होत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते आणि संशय दूर करण्याचे ओझे मृत्युपत्र मांडणाऱ्यावर पडते. तीन भावंडांपैकी एकाला सगळे घर, साक्षीदार तोच, दुसरा साक्षीदार त्याचाच मित्र आणि वकील त्याने आणलेला, असे चित्र असेल, तर न्यायाधीशाला समाधानकारक खुलासा हवा असतो. शिवाय तो भाऊ स्वतःच्या फायद्याच्या मृत्युपत्राचा मुख्य साक्षीदार ठरतो आणि उलटतपासणीत त्याच्या प्रत्येक उत्तराकडे त्याच नजरेने पाहिले जाते.

मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात आणि सुबुद्ध असेल तोवर साक्षीदार निवडण्यातली चूक सुधारता येते. तेच मृत्युपत्र नव्या तारखेने पुन्हा लिहावे, आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे त्यात नमूद करावे आणि ज्यांना किंवा ज्यांच्या जोडीदाराला त्यातून काहीही मिळत नाही अशा दोघांच्या देखत सही करावी. जुन्या कागदावर साक्षीदाराचे नाव खोडून दुसरे घालू नये. अशी खाडाखोड नवे साक्षांकन ठरत नाही आणि वाद झालाच तर विरोधी बाजूच्या हाती आणखी एक मुद्दा जातो.